एका उकाराची दुरुस्ती : अपुरा फॉन्ट असलेल्या पीडीएफमधील चूक सुधारण्याचे एक प्रकरण

सोलापूरच्या नवी पेठेत आम्ही छपाईपूर्व कामे करतो. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल उत्पादकाची चोवीस पानी माहितीपुस्तिका आमच्याकडे प्लेट काढण्यासाठी आली, तेव्हा तिच्यात दोन ठिकाणी ‘सोलापूर’ऐवजी ‘सोलापुर’ छापलेले होते. एक चूक मुखपृष्ठावरील मोठ्या मथळ्यात, ‘सोलापुर टेरी टॉवेल’ अशी होती आणि दुसरी तिसऱ्या पानावरील परिचयाच्या मजकुरात होती. पुस्तिका एका प्रदर्शनात खरेदीदारांच्या हाती जायची होती आणि गावाचे नावच चुकलेली पुस्तिका छापणे ग्राहकाला मान्य नव्हते, जे अगदी योग्यच होते. अडचण अशी की हाती फक्त पीडीएफ होती. ज्यांनी पुस्तिका रचली त्यांच्याकडून मांडणीची मूळ, बदल करता येण्याजोगी ओपन फाइल मिळण्याची शक्यता उरली नव्हती आणि मथळ्यासाठी वापरलेला विकतचा फॉन्ट आमच्या संगणकांवर नव्हता.

चूक दोन्हीकडे एकच होती, म्हणजे पहिल्या उकाराच्या जागी दुसरा उकार हवा होता. तरीही दोन्ही जागांचे उपाय पूर्णपणे वेगळे निघाले. ते वेगळे का निघाले, हेच या प्रकरणातून समजून घेण्यासारखे आहे.

आधी फॉन्टची यादी

पीडीएफमधील मजकुराला हात लावण्यापूर्वी तिच्यात कोणते फॉन्ट आहेत आणि ते कितपत आहेत हे पाहणे आवश्यक असते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये फाइलच्या गुणधर्मांत फॉन्टचा भाग असतो, त्यावरूनही हे कळते. आम्ही मात्र पॉपलर या मुक्त संचातील आज्ञा वापरतो, कारण तिचे उत्तर एका दृष्टिक्षेपात वाचता येते. विकतच्या फॉन्टचे नाव खाली बदलून लिहिले आहे.

```
pdffonts pustika.pdf

name                   type          encoding    emb  sub  uni
QWMXTL+Mukta-Regular   CID TrueType  Identity-H  yes  yes  yes
BKRFAE+Mathala-Bold    CID TrueType  Identity-H  yes  yes  yes
ArialMT                TrueType      WinAnsi     no   no   no
```

नावापुढची सहा मोठी अक्षरे आणि अधिक चिन्ह ही सबसेटची खूण आहे. पुस्तिकेत जी अक्षरचिन्हे प्रत्यक्ष वापरली गेली तेवढीच फाइलीत भरलेली आहेत आणि बाकीचा फॉन्ट गाळून टाकलेला आहे, असा तिचा अर्थ. तिसऱ्या ओळीतील एरियल मुळीच भरलेला नव्हता. मापांच्या तक्त्यातील आकडे त्यात होते आणि ते बरोबर असल्यामुळे तेथे मजकूर बदलायचा नव्हता. परवानाप्राप्त एरियल आमच्या संगणकावर असल्याने तो छपाईपूर्वी फाइलीत भरून घेतला आणि तो विषय तेथे संपला. न भरलेला फॉन्ट हा खरे तर सोपा प्रकार आहे, कारण तो मिळवला की काम होते. अर्धवट भरलेला फॉन्ट अधिक फसवा असतो, कारण पडद्यावर पान निर्दोष दिसते आणि एखादे नवे अक्षर टाकू पाहिल्यावरच त्याचे अपुरेपण उघड होते.

देवनागरीत हे अपुरेपण अधिक जाणवते. इंग्रजीच्या चोवीस पानांत जवळजवळ सगळी मुळाक्षरे कोठे ना कोठे येऊन गेलेली असतात, त्यामुळे सबसेट असूनही हवे ते अक्षर बहुधा सापडते. देवनागरी फॉन्टमध्ये मात्र सुटी अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रांची निरनिराळी रूपे मिळून शेकडो चिन्हे असतात आणि मोजक्याच मथळ्यांसाठी वापरलेल्या फॉन्टची त्यांपैकी थोडीच फाइलीत उतरतात. शिवाय कोणते रूप कोठे बसवायचे याचे नियम सांगणारी मूळ फॉन्टमधील कोष्टके सबसेटमध्ये सहसा राहत नाहीत, कारण मजकुराची जुळणी पीडीएफ बनण्याआधीच झालेली असते. म्हणून भरलेला फॉन्ट फाइलीतून उपसून संगणकावर बसवला तरी त्यातून मराठी नीट टंकता येत नाही, आणि विकतच्या फॉन्टच्या बाबतीत परवान्याचाही भंग होतो. हा मार्ग आम्ही विचारातच घेतला नाही.

अ‍ॅक्रोबॅटमध्ये काय झाले

प्रथम एका प्रतीवर अ‍ॅक्रोबॅटच्या संपादन साधनाने मथळ्यातील उकार बदलून पाहिला. मूळ फॉन्ट संगणकावर नसल्यामुळे त्याने नवा उकार दुसऱ्याच फॉन्टमधून घेतला. तो उकार बारीक होता आणि ‘प’च्या दांड्यापासून थोडा सुटलेला दिसत होता, पडद्यावर पूर्ण पान पाहताना हे चटकन लक्षात येत नाही, चारपट मोठे करून पाहिले की लगेच दिसते. त्याहून खात्रीची खूण म्हणजे दुरुस्तीनंतर पुन्हा pdffonts चालवल्यावर यादीत चौथा, अनोळखी फॉन्ट आलेला होता. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची यादी शेजारी ठेवून पाहणे ही इतकी साधी तपासणी आहे की ती प्रत्येक कामात व्हायला हवी. आपण न मागितलेला फॉन्ट यादीत आला असेल, तर दुरुस्ती दिसायला कशीही असो, ती फसलेली आहे असे धरून चालावे.

तिसरे पान : हवे ते चिन्ह फाइलीतच होते

परिचयाचा मजकूर मुक्ता या फॉन्टमध्ये होता. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतो, त्यामुळे तो उतरवून घेणे शक्य होते. पण त्याची गरज पडली नाही आणि तो उतरवून घेतला असता तरी एक धोका होता. फाइलीतील मजकूर अक्षरांनी लिहिलेला नसतो, तो फॉन्टमधील चिन्हांच्या क्रमांकांनी लिहिलेला असतो. फॉन्टच्या दोन आवृत्त्यांमध्ये हे क्रमांक सारखेच असतील अशी हमी नसते, त्यामुळे नव्या आवृत्तीतील क्रमांक जुन्या फाइलीत घातला तर भलतेच चिन्ह उमटू शकते.

गरज पडली नाही याचे कारण त्याच परिच्छेदात होते. टॉवेल आणि चादरींचे कारखाने जेथे एकवटलेले आहेत त्या ‘पूर्व भागा’चा उल्लेख पुढच्याच वाक्यात होता आणि ‘पूर्व’मध्ये ‘प’ला जोडलेला दुसरा उकार आहे. म्हणजे हवे ते चिन्ह, हव्या त्याच अक्षराखाली बसलेले, आधीच फाइलीत होते.

ते वापरण्यासाठी फाइल उघड्या, वाचता येण्याजोग्या स्वरूपात आणावी लागते. त्यासाठी क्यूपीडीएफ हे मुक्त साधन पुरते.

```
qpdf --qdf --object-streams=disable pustika.pdf ughdi.pdf
```

या प्रतीत प्रत्येक फॉन्टबरोबर चिन्ह-क्रमांक आणि युनिकोड यांची जुळणी सांगणारे कोष्टक सापडते. मुक्ताच्या कोष्टकात या दोन ओळी होत्या. डावीकडे फाइलीतील क्रमांक आणि उजवीकडे युनिकोड, त्यात 0941 हा पहिला उकार आणि 0942 हा दुसरा.

```
<0151> <0941>
<0152> <0942>
```

आता तिसऱ्या पानाच्या मजकुरात 0151 शोधायचा आणि तेथे 0152 लिहायचा, इतके हे काम सोपे वाटते. परंतु उकाराच्या जागेचाही विचार करावा लागतो. फाइलीतील ‘सोलापुर’ असा होता :

```
[<01240159013A0131011F> 40 <0151> -40 <0126>] TJ
```

कंसातील सुट्या संख्या म्हणजे सरकवण्याची मापे आहेत. फॉन्टच्या आकाराचा हजारावा भाग हे त्यांचे एकक असते आणि धन संख्या पुढचे चिन्ह डावीकडे ओढते. येथे ‘प’ काढल्यावर लेखणी ४० एककांनी मागे येते, शून्य रुंदीचा उकार काढते आणि तेवढीच पुढे जाऊन ‘र’ काढते. ‘पूर्व’ शब्दात मात्र ‘प’ आणि दुसरा उकार यांच्यामधली संख्या ६२ होती, कारण दुसऱ्या उकाराचा आकार वेगळा असून तो दांड्याखाली निराळ्या बिंदूवर टेकतो. म्हणून केवळ उकार न बदलता त्याची मापेही ‘पूर्व’मधून घेतली.

```
[<01240159013A0131011F> 62 <0152> -62 <0126>] TJ
```

मागे आणि पुढे जाण्याची मापे एकमेकांना रद्द करतात, म्हणून ‘र’ आणि त्यापुढची सगळी ओळ होती तेथेच राहिली. दोन्ही उकारांची रुंदी फॉन्टच्या रुंदी-कोष्टकात शून्य असल्याची खात्री आम्ही आधी करून घेतली होती. ती वेगळी असती तर फरक शेवटच्या संख्येत भरून काढावा लागला असता. ११ पॉइंटच्या मजकुरात २२ एककांचा फरक म्हणजे सुमारे ०.०९ मिलिमीटर, जो वाचकाच्या डोळ्याला दिसणार नाही, असे कोणी म्हणेल. पण हीच चूक ४२ पॉइंटच्या मथळ्यात एक तृतीयांश मिलिमीटर होते आणि दिसते. सवय एकच असावी.

उघड्या फाइलीत असे क्रमांक वाचताना दोन गोष्टी गोंधळात टाकतात. चिन्हे उच्चाराच्या क्रमाने नसून डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने असतात, त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि रफार पुढच्या अक्षरानंतर येतो. दुसरे म्हणजे अशी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून जतन केल्यास फॉन्टचा बायनरी भाग बिघडतो आणि मग सगळे पानच मोडते; त्यासाठी बायनरी मजकूर जसाच्या तसा राखणारा संपादक हवा. बदल झाल्यावर फाइलीची अंतर्गत अनुक्रमणिका आणि लांबीच्या नोंदी दुरुस्त करून घ्याव्या लागतात.

```
fix-qdf ughdi.pdf > pan3-durust.pdf
```

मुखपृष्ठ : दिसणारा पण नसलेला उकार

हाच मार्ग मथळ्याला लागू पडेल अशी आशा होती, कारण नवव्या पानाचा मथळा त्याच फॉन्टमध्ये ‘नवे रूप, जुनी वीण’ असा होता आणि ‘रूप’मध्ये दुसरा उकार डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. फॉन्टच्या कोष्टकात 0942 शोधल्यावर तो सापडलाही. ती ओळ मात्र अशी होती :

```
<00FB> <0941>
<01C4> <09300942>
```

उजवीकडे एक नव्हे, दोन युनिकोड आहेत : 0930 म्हणजे ‘र’ आणि त्यानंतर 0942. म्हणजे 01C4 हे चिन्ह सुटा उकार नसून ‘रू’ हे अखंड अक्षर आहे. ‘र’चा उकार खाली न लागता कमरेला उजवीकडे लागतो, म्हणून देवनागरी फॉन्टमध्ये ‘रु’ आणि ‘रू’ बहुधा स्वतंत्र चिन्हे म्हणून घडवलेले असतात. ‘जुनी’मुळे पहिला उकार सुटा उपलब्ध होता, पण ‘प’खाली लागणारा दुसरा उकार सगळ्या मथळ्यांत मिळून एकदाही आलेला नव्हता आणि म्हणून तो फाइलीत नव्हताच. पानावर उकार दिसतो म्हणजे तो वापरता येईल, असे गृहीत धरता येत नाही. कोष्टकातील ओळ वाचल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

आता तीन पर्याय उरले. पहिला, मथळा मुक्ताच्या जाड वजनात नव्याने रचणे. तो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता, परंतु मग आतील बाकीचे मथळे वेगळ्या वळणाचे राहिले असते आणि ग्राहकाला ते नको होते. दुसरा, पहिल्या उकाराच्या जाडीवरून दुसरा उकार स्वतः रेखाटणे. हे करता येते आणि एखाद्या टिंबासाठी किंवा काना-मात्रेसाठी आम्ही ते करतो, पण दुसऱ्या उकाराच्या वळणात जाडी सतत बदलत असते आणि ४२ पॉइंटमध्ये परक्या हाताचे वळण ओळखू येते. तिसरा पर्याय म्हणजे ज्याच्याकडे त्या फॉन्टचा परवाना आहे त्याच्याकडून फॉन्ट न मागता फक्त ती ओळ मागणे.

गावातील एका परिचित मुद्रकाने तोच फॉन्टसंच विकत घेतलेला होता. त्यांना आम्ही मुखपृष्ठाच्या नेमक्या मापाच्या कोऱ्या पानावर, त्याच जागी, ४२ पॉइंटमध्ये ‘सोलापूर टेरी टॉवेल’ रचून, मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफ पाठवण्याची विनंती केली. फॉन्ट त्यांच्याच संगणकावर राहिला, परवान्याचा प्रश्न आला नाही आणि मजकुराच्या आकृत्या झाल्यामुळे त्यांच्याकडील आवृत्ती आमच्यापेक्षा वेगळी असली तरी क्रमांकांचा घोळ होण्याचे कारण उरले नाही. एकच शब्द न घेता संपूर्ण ओळ घेतली ती याच विचाराने, की आवृत्तीमुळे वळणात किंचित फरक असलाच तर तो ओळीच्या मध्येच उठून दिसू नये.

आलेल्या ओळीचा रंग तपासणे विसरू नये. कर्व्ह करून आलेली आकृती आरजीबीमध्ये होती, तर मुखपृष्ठाचा मूळ मथळा चार शाईंच्या प्रमाणात लिहिलेला होता. उघड्या फाइलीतील मूळ मथळ्याआधीच्या चार संख्या वाचून त्याच संख्या नव्या आकृतीला दिल्या, नाहीतर प्लेट काढताना मथळ्याच्या लाल रंगाची छटा बदलली असती.

जुना मथळा झाकण्यासाठी त्यावर पांढरे ठिगळ लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती आम्हाला मुळीच मान्य नाही. मुखपृष्ठाची पार्श्वभूमी फिकट पिवळ्यापासून गडद होत जाणारी होती, तेथे ठिगळ दिसलेच असते. आणि पार्श्वभूमी पांढरी असती तरी ठिगळाखालचा चुकीचा मजकूर फाइलीत तसाच राहून शोध घेताना किंवा नक्कल करताना वर आला असता. आम्ही जुनी ओळ काढून न टाकता अदृश्य केली आणि तिच्या चुकीच्या शब्दाभोवती त्याचा खरा पाठ नोंदवला.

```
3 Tr
/Span <</ActualText <FEFF0938094B0932093E092A09420930>>> BDC
[<00D1010400E700DE00CA> 35 <00FB> -35 <00D4>] TJ
EMC
```

पहिली ओळ सांगते की यापुढचा मजकूर जागा घेईल पण उमटणार नाही. दुसऱ्या ओळीतील लांब क्रमांक म्हणजे ‘सोलापूर’ शब्दाचा युनिकोड पाठ आहे आणि ही नोंद मानणारे वाचक-सॉफ्टवेअर आतल्या चिन्हांऐवजी तोच पाठ घेते. ‘टेरी टॉवेल’ हे शब्द बरोबर असल्यामुळे त्यांना अशी नोंद लागली नाही, ते फक्त अदृश्य झाले. ओळ संपल्यावर `0 Tr` लिहून पुढचा मजकूर पुन्हा दृश्य करणे अत्यावश्यक आहे. ते राहिले तर त्याच मजकूर-खंडातील मथळ्याखालचे बोधवाक्यही नाहीसे होते. त्यानंतर fix-qdf पुन्हा चालवून lapavleli.pdf तयार केली आणि तिच्या मुखपृष्ठावर नवी ओळ बसवली.

```
qpdf lapavleli.pdf --overlay mathala.pdf --to=1 -- antim.pdf
```

दोन्ही पानांचे माप अगदी सारखे नसेल, तर वरून बसवलेले पान त्या मापात बसण्यासाठी लहान केले जाऊ शकते किंवा सरकू शकते आणि मथळ्याचा आकार किंवा जागा बदलते. कोऱ्या पानाचे नेमके माप आधीच कळवले ते याचसाठी.

तपासणी आणि मर्यादा

अंतिम फाइलीत फॉन्टची यादी मुक्ता, मथळ्याचा फॉन्ट आणि आता भरलेला एरियल अशी तीनच नावांची होती. पॉपलरमधल्याच pdftotext ने काढलेल्या मजकुरात दोन्ही ठिकाणी ‘सोलापूर’ आले. मूळ आणि अंतिम फाइलीतील सर्व पानांची ३०० डीपीआयची चित्रे काढून ती एकमेकांवर ठेवली असता फरक पहिल्या पानाच्या मथळ्यात, तिसऱ्या पानावरील एका उकारात आणि एरियलच्या आकड्यांच्या कडांवर एवढ्यापुरताच मर्यादित होता. ही चित्रांची तुलना आम्ही टाळत नाही, कारण हाताने बदललेल्या फाइलीत चूक झाली तर ती बहुधा भलत्याच पानावर प्रकट होते.

या पद्धतीने एखादे अक्षर किंवा फार तर एखादा शब्द बदलता येतो. वाक्य वाढले आणि ओळ पुढे सरकू लागली तर पीडीएफमध्ये परिच्छेद पुन्हा जुळवून घेणारे काहीही नसते, प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे जागेवर ठोकलेली असते. तेव्हा तो परिच्छेद नव्याने रचणे हाच मार्ग राहतो. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये रचलेल्या फाइली आजही येतात. त्यांत प्रत्येक मात्रा स्वतंत्र कळीवर असल्याने हवे ते चिन्ह सापडण्याची शक्यता अधिक असते, मात्र पाठाचे कोष्टक निरुपयोगी असते आणि चिन्ह डोळ्यांनी पाहूनच ओळखावे लागते. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या फाइलीला मात्र असा हात लावू नये, कारण बदल कितीही लहान असला तरी ती स्वाक्षरी बदलाची खूण दाखवते किंवा अवैध ठरते.

ग्राहकाला अंतिम फाइलीबरोबर मूळ फाइलही परत दिली आणि सोबत लेखी कळवले, की मुखपृष्ठाचा मथळा आता आकृतीच्या स्वरूपात आहे, त्यामुळे पुढच्या आवृत्तीत त्याचे शब्द बदलायचे असतील तर त्या फॉन्टचा परवाना असलेल्या मुद्रकाकडूनच नवी ओळ घ्यावी लागेल.